विसार परत, व्यवहार रद्द

नमस्कार, श्रोतेहो. जमिनीचं साठेखत झालं, विसार हातात आला, मुदत उलटली आणि घेणारा उरलेले पैसे काही देत नाही. खरेदीखत अजून नोंदलेलं नाही. आता देणाऱ्यानं या व्यवहारातून सुटायचं कसं?

माझ्याकडे एक आजी आल्या होत्या. 20 लाखांचा सौदा, विसार 2 लाख, मुदत 6 महिने. मुदत संपली तरी घेणारा म्हणे, "कर्ज होतंय, थांबा." आणि आजी दर वेळी फोनवर म्हणत, "बरं बाबा, थांबते." घोळ तिथेच झाला होता. मुळात जमिनीच्या व्यवहारात ठरलेली तारीख ही शेवटचीच, असं कोर्ट सहसा धरून चालत नाही. त्यात आपणच थांबत गेलो, तर ती तारीख आणखी सैल होते. म्हणून मी म्हटलं, आजी, लगेच रद्द नको. आधी लेखी मुदत देऊ. 30 दिवसांत बाकी रक्कम द्या आणि खरेदीखत करून घ्या, नाही तर करार रद्द समजू, अशी नोटीस स्पीड पोस्टनं पाठवली. आधी मुदत, मग रद्द. हा क्रम लक्षात ठेवा, आधी मुदत, मग रद्द.

30 दिवस गेले, उत्तर नाही. मग रद्द केल्याची दुसरी नोटीस आणि सोबत 2 लाखांचा डीडी. विसार जप्त करायची अट कागदात होती, पण आजी म्हणाल्या, "मला त्याचे पैसे नकोत, माझं रान मोकळं हवं." (हल्ली अट दिसली की लोकांना आधी जप्तीच सुचते. मग वर्षानुवर्षं तारखा.) पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन परत आलं. आजी ते फोडायला निघाल्या होत्या! मी म्हटलं, हात लावू नका. तुम्ही पैसे देऊ केले होते, याचा पुरावा म्हणजे हे बंद पाकीट.

पैसे रोख परत करू नका हो. 20 हजार किंवा त्याहून मोठा विसार रोखीनं परत करणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि "मिळालेच नाहीत" म्हणायलाही मोकळीक राहते. आणखी एक. आजींचं साठेखत साध्या स्टॅम्पपेपरवर होतं. तेच नोंदणी केलेलं असतं, तर आपल्या एकट्याच्या नोटिशीनं दप्तरातली नोंद जात नाही. दोघांच्या सह्यांचा रद्दलेख नोंदवावा लागतो, नाही तर कोर्टात जावं लागतं.

5 महिन्यांनी शेजारच्या रानाला चढा भाव आला आणि हे गृहस्थ पैसे घेऊन हजर! मी टेबलावर दोन्ही नोटिशींच्या पोस्टाच्या पावत्या आणि ते बंद पाकीट ठेवलं. बराच वेळ ते पाकिटावरचा शेरा वाचत बसले. मग हळूच विचारलं, "यातला डीडी अजून चालेल का?" चालणार नव्हता, डीडीची मुदत 3 महिने. आजींनी त्याच आठवड्यात नवा काढला. त्या गृहस्थांनी रद्दलेखावर सही केली, मूळ साठेखत परत दिलं आणि डीडी खिशात घालून गेले.