सर्व्हिसच्या क्षणी कोण कुठे: फेर आणि जागेची चूक

(नव्याने जमलेल्या एका हौशी व्हॉलीबॉल संघासमोर झालेल्या बोलण्याचं संपादित रूप)

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण शाळेत, गावाकडे किंवा सोसायटीच्या आवारात खेळत आला आहात. तिथे जो उंच तो नेटवर, ज्याचा हात चांगला तो मागे, आणि सर्व्हिस करायची इच्छा असेल त्याने करायची. नियमाने सामना खेळायला उतरलात की पहिली अडचण इथेच येते. स्मॅश, ब्लॉक हे सगळं सरावाने जमत जाईल, पण जागेच्या चुकीने जाणारा गुण चेंडूला हात लागायच्या आत जातो. म्हणून आज एवढ्या एकाच विषयावर बोलणार आहे.

आधी आकडे. नेटकडे तोंड करून उभे राहा. मागचा उजवा कोपरा म्हणजे एक नंबर, सर्व्हिस करणाऱ्याची जागा. त्याच्या पुढे, उजवीकडे नेटजवळ दोन. मग नेटच्या मध्यावर तीन, नेटच्या डावीकडे चार, मागे डावीकडे पाच आणि मागे मध्ये सहा. दोन, तीन, चार ही पुढची रांग. एक, सहा, पाच ही मागची. सर्व्हिस समोरच्या संघाकडे असताना आपण गुण जिंकला की सर्व्हिस आपल्याकडे येते आणि सगळे एकेक घर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सरकतात. यालाच फेर म्हणायचं. दोनचा खेळाडू एकवर येऊन सर्व्हिस करतो, एकचा सहावर, सहाचा पाचवर, पाचचा चारवर. आपल्याच सर्व्हिसवर गुण मिळत राहिला तर फेर नाही, तोच खेळाडू सर्व्हिस करत राहतो.

नवे संघ पहिल्याच सर्व्हिसला इथे अडकतात. सेट सुरू होण्यापूर्वी तुम्ही पंचांकडे सहा जणांचा क्रम लिहून देता. नाणेफेकीनंतर पहिली सर्व्हिस तुमची असेल तर एकवर लिहिलेला खेळाडू ती करतो. पहिली सर्व्हिस समोरच्यांची असेल तर मात्र तुम्ही गुण जिंकल्यावर आधी फिरणार, म्हणजे तुमची पहिली सर्व्हिस दोनवर लिहिलेला खेळाडू करणार. सगळ्यात भरवशाची सर्व्हिस ज्याची, त्याला अशा वेळी दोनवर लिहा. एकवर लिहिलात तर त्याची पाळी सगळ्यात शेवटी येईल.

चुकीच्या खेळाडूने सर्व्हिस केली तर काय होतं ते आकड्यांत पाहा. समजा तुम्ही 11–8 ने पुढे आहात आणि सर्व्हिस नुकतीच तुमच्याकडे आली. गडबडीत भलत्याच खेळाडूने सर्व्हिस केली, दोन गुण मिळाले, 13–8 झालं. तिसऱ्या सर्व्हिसला गुणलेखकाच्या लक्षात आलं. त्या चुकीच्या क्रमात मिळवलेले दोन्ही गुण रद्द होतात, समोरच्यांना एक गुण आणि सर्व्हिस मिळते, तुमचा क्रम जागेवर आणला जातो. 13–8 चे एकदम 11–9. शिवाय ज्याची खरी पाळी होती त्याची सर्व्हिसही बुडाली, कारण तुम्ही पुन्हा सर्व्हिस जिंकाल तेव्हा आणखी एक घर पुढे सरकलेले असाल.

आता जागेची चूक. इथे एक गैरसमज घट्ट बसलेला असतो: चार नंबरचा खेळाडू मैदानाच्या डाव्या पुढच्या चौकोनातच उभा असला पाहिजे, असं लोकांना वाटतं. मैदानावर असे चौकोन आखलेलेच नाहीत. नियम फक्त शेजाऱ्यांची तुलना करतो, आणि तीही एकाच क्षणी, सर्व्हिस करणाऱ्याचा हात चेंडूला लागतो त्या क्षणी. त्यानंतर कोणीही कुठेही धावावं.

तुलना दोन प्रकारची. पुढे-मागे: चारच्या मागे पाच, तीनच्या मागे सहा, दोनच्या मागे एक. डावे-उजवे: पुढच्या रांगेत चार, तीन, दोन याच क्रमाने डावीकडून उजवीकडे, मागच्या रांगेत पाच, सहा, एक. संपलं. तिरक्या जोड्यांचा हिशेब कोणी करत नाही. पाच आणि तीन यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही, चार आणि सहा यांचंही नाही. म्हणजे कोपऱ्यावरच्या खेळाडूने दोन शेजारी सांभाळायचे, आणि तीन व सहावरच्यांनी तीन-तीन.

मोजमाप पायांनी होतं, खांदे-हात यात येत नाहीत. मागच्या खेळाडूच्या निदान एका पायाचा थोडा भाग पुढच्या खेळाडूच्या पुढच्या पावलापेक्षा मध्यरेषेपासून लांब हवा. अगदी बरोबरीत असला तरी चालतं. दोनवरचा खेळाडू पास घ्यायला पवित्र्यात उभा आहे, डावं पाऊल मध्यरेषेपासून चार मीटरवर, उजवं साडेचार मीटरवर. मोजायचं ते चार मीटरवरचं. एकवरच्या खेळाडूची मागची टाच चार मीटर दहा सेंटिमीटरवर असेल, तर त्याचं दुसरं पाऊल कितीही पुढे असलं तरी तो नियमात आहे. म्हणून पुढच्या रांगेतल्याने एक पाय लांब पुढे टाकून उभं राहिलं की मागच्याला जास्त मोकळीक मिळते. पाय हवेत असेल तर तो शेवटचा जिथे टेकला होता ती जागा धरतात, त्यामुळे उडी मारून सुटका होत नाही.

2025 पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सर्व्हिस करणाऱ्या संघाला उभं राहण्याची मोकळीक दिली आहे. त्यांनी सर्व्हिसचा क्रम पाळायचा. स्थानिक स्पर्धा कोणते नियम धरते ते सामन्याआधी विचारून घ्या. सर्व्हिस घेणाऱ्या संघाला मात्र जागा पाळाव्याच लागतात, आणि खरी कसरत तिथेच आहे, कारण सेटरला, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्याला, लपवून नेटवर पोचवायचं असतं. तो मागच्या रांगेत तीन फेर असतो: एकवर, सहावर आणि पाचवर. एकवर असताना तो दोनच्या मागे उजव्या कडेला उभा राहतो, पळायला फार अंतर नाही. सहावर असताना तीनच्या पाठीशी. पाचवर आला की तो नेमका चुकीच्या कडेला असतो, कारण सेट करायची जागा नेटच्या उजव्या अंगाला, दोन आणि तीन यांच्या मधे आहे. हा फेर नीट पाहू.

आपल्या अर्ध्या मैदानाची बाजू नऊ मीटर. चारवरच्या खेळाडूला पास घ्यायच्या कामातून मोकळं करा आणि थेट नेटजवळ पाठवा: मध्यरेषेपासून एक मीटर, डाव्या रेषेपासून अर्धा मीटर, अगदी कडेला चिकटून. सेटर त्याच्या मागे, मध्यरेषेपासून दोन मीटर, डाव्या रेषेपासून एक मीटर. चार आणि पाच यांचं नातं पुरं झालं. आता पास घ्यायला चौघे उरले. तीनवरचा खेळाडू नेट सोडून साडेपाच मीटर मागे येतो, डाव्या रेषेपासून दोन मीटरवर. दोनवरचा तेवढाच मागे, पण उजव्या अंगाला. त्यांच्या मागे, सात मीटरच्या आसपास, सहा आणि एक. सहा मध्याच्या थोडा डावीकडे, एक थोडा उजवीकडे.

बाहेरून बघणारा इथे हमखास ओरडतो, ‘‘मागचा सेटर पुढे आणि पुढचा तीन मागे, चूक द्या!’’ पण ही चूक नाही. तीनचं नातं चारशी, दोनशी आणि सहाशी आहे. तो चारच्या उजवीकडे आहे, दोनच्या डावीकडे आहे, आणि सहा त्याच्या मागे आहे. सेटरशी त्याचा संबंधच नाही. मला ही रचना फार आवडते, कारण नियम खरा कळला आहे की नुसता पाठ केला आहे हे या एका फेरात दिसतं.

चारला कडेला चिकटवायचं कारणही यातच आहे. तो रेषेपासून तीन मीटर आत उभा राहिला, तर तीनलाही तिथपर्यंत उजवीकडे सरकावं लागेल आणि मागची डावी बाजू उघडी पडेल. समोरचा सर्व्हर तिथेच मारेल.

ही रचना मोडते ती तीन ठिकाणी. पहिलं, सेटर लवकर पळतो. त्याने कोणाचा डावा पाय बघायचा? सहाचा. सहाचा डावा पाय डाव्या रेषेपासून तीन मीटरवर असेल आणि सेटरचा एक मीटरवर, तर सर्व्हिसआधी सेटरला उजवीकडे सरकायला जवळपास दोन मीटर मोकळे आहेत. बहुतेक सेटर भीतीपोटी ही मोकळीक वापरतच नाहीत, आणि काही जण ती ओलांडतात. चेंडू वर उडाला की निघायची सवय लागलेली असते. हात चेंडूला लागेपर्यंत सहाच्या डाव्या पायापलीकडे जायचं नाही, एवढं त्याने धरावं. दुसरं, समोरचा आखूड सर्व्हिस करणार असं वाटलं की सहावरचा पुढे सरकतो आणि तीनच्या पुढे जाऊन बसतो. तिसरं, दोनवरचा लांब सर्व्हिसच्या धास्तीने मागे मागे जातो आणि एकच्याही मागे पोचतो. सेटरवर सगळ्यांचं लक्ष असतं, म्हणून ही दोन माणसं सुटतात.

चूक झाली की पंच तर्जनीने हवेत गोल फिरवून दाखवतात आणि गुण व सर्व्हिस समोरच्यांना जाते. एक बारकावा चटका लावणारा आहे. समोरच्याने मारलेली सर्व्हिस मैदानाबाहेर गेली, तुम्ही आनंदात टाळ्या दिल्या, आणि पंचांनी गुण त्यांना दिला. कारण तुमची चूक चेंडूला हात लागला त्या क्षणीच घडली, चेंडू बाहेर पडला तो नंतर. त्याने मारतानाच रेषेवर पाय दिला असता तर मात्र त्याची चूक आधी धरली असती.

सेटर मागच्या रांगेत असताना नेटच्या वरचा चेंडू पलीकडे ढकलणं आणि ब्लॉकला उडी घेणं त्याच्यासाठी बंद, हे लक्षात असू द्या. पास थेट नेटवर आला की मोह होतो.

सरावात चेंडू बाजूला ठेवा आणि सहाही फेर नुसते उभे राहून करा. प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याकडे बोट दाखवायचं: ‘तू माझ्या पुढे, तू माझ्या डावीकडे.’ मग एकाने सर्व्हिसची नक्कल करायची आणि चेंडूला हात लागताना सगळ्यांनी जागच्या जागी थिजून पाय बघायचे. पाचवर सेटर असलेला फेर सगळ्यात जास्त वेळा करा.

आणि सामन्यात गोंधळ झालाच, कोण कुठे हे कोणालाच आठवेना, तर अंदाजाने उभे राहू नका. मैदानावरच्या कर्णधाराला चेंडू खेळात नसताना पंचांकडून आपल्या संघाच्या जागा तपासून घ्यायचा हक्क आहे. गुणलेखकाकडे तुमचा क्रम लिहिलेला असतोच. सर्व्हिसची शिट्टी वाजायच्या आत विचारा.