पाच अँपिअरच्या सॉकेटवर किती दिवे?

नमस्कार मंडळी. गणपतीचा मांडव उभा राहिला की एक प्रश्न हमखास येतो: "या प्लगवर अजून एक माळ लावली तर चालेल का?" याचे उत्तर अंदाजाने देऊ नका. ते उपकरणाच्या पाटीवर आणि सॉकेटवर छापलेलेच असते, आपल्याला फक्त वाचता यायला हवे.

पाटी उपकरणाच्या मागे किंवा तळाशी असते, बल्बला असेल तर मानेवर. तिच्यावर व्होल्ट, वॅट, हर्ट्झ आणि कधी कधी अँपिअर असे आकडे असतात. व्होल्ट म्हणजे किती दाबाच्या विजेवर हे उपकरण चालवायचे. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. वॅट म्हणजे त्या दाबावर उपकरण किती शक्ती घेते. आणि अँपिअर म्हणजे तारेतून वाहणारा प्रवाह. तार, प्लगची पिन आणि सॉकेटची पट्टी तापते ती या प्रवाहाने. म्हणून सॉकेटवर वॅट नसतात, अँपिअर असतात. तिथला आकडा एवढेच सांगतो, की याहून जास्त प्रवाह मी सतत वाहू शकत नाही. जुन्या सॉकेटवर ५ दिसेल, नव्यावर ६. आज आपण पाचच धरून चालू.

पाटीवर अँपिअर नसतील तर वॅटला व्होल्टने भागा. साठ वॅटचा तारेचा बल्ब: ६० भागिले २३०, म्हणजे ०.२६ अँपिअर. उलट बाजूने पाहिले तर पाच अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे ११५० वॅट. तेवढ्यात साठचे एकोणीस बल्ब बसतात. शंभर वॅटचे किती? भागाकार साडेअकरा येतो, तेव्हा उत्तर अकरा. इथे वरच्या आकड्याकडे वळायचे नाही. बाराव्या बल्बाने प्रवाह ५.२ वर जातो.

हा झाला गणिताचा कमाल आकडा. मांडवातली रोषणाई संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत अखंड चालते, आणि मांडवातले प्लग काही दरवेळी घट्ट बसत नाहीत. म्हणून तासन्‌तास चालणाऱ्या भारासाठी मी चार अँपिअरवर थांबायला सांगतो. मग साठचे पंधराच बल्ब.

आता आजची खरी गोष्ट. तारेचे बल्ब मागे पडले, सगळीकडे एलईडी आले. नऊ वॅटचा बल्ब घेतला आणि ११५० ला नऊने भागले, तर १२७ बल्ब येतात. हे उत्तर चुकीचे आहे. तारेच्या बल्बला वॅट भागिले व्होल्ट हा हिशेब अचूक लागू पडतो, एलईडीला पडत नाही. एलईडीच्या आतले छोटे सर्किट वीज सलग न घेता प्रत्येक लाटेच्या टोकाजवळ एकदम ओढते. त्यामुळे वॅट कमी असूनही तारेतला प्रवाह जास्त असतो. हा फरक पॉवर फॅक्टर सांगतो, पाटीवर किंवा खोक्यावर त्याला पीएफ म्हणतात. वॅटला आधी व्होल्टने आणि मग पीएफने भागायचे. पीएफ ०.९ असेल तर नऊ वॅटचा बल्ब ०.०४३ अँपिअर घेतो. स्वस्त मालात पीएफ ०.५ च्या आसपास असू शकतो, तेव्हा तोच बल्ब ०.०७८ अँपिअर घेतो, आणि १२७ चे ६३ होतात. बल्बावर मिलीअँपिअरमध्ये प्रवाह छापला असेल तर तोच आकडा धरा, भागाकाराची गरजच नाही. पीएफ कुठेच लिहिलेला नसेल तर ०.५ धरून चाला.

एक प्रत्यक्ष हिशेब करू. एका पाच अँपिअरच्या सॉकेटमध्ये एक्स्टेंशन बोर्ड लावला आहे. त्यावर पाचशे वॅटचा एक हॅलोजन, नऊ वॅटचे तीस एलईडी आणि ध्वनीचा अँप्लिफायर. अँप्लिफायर तीनशे वॅटचा म्हणून ओळखला जातो. वॅटची बेरीज ५०० अधिक २७० अधिक ३००, म्हणजे १०७०. ती ११५० च्या आत आहे, म्हणून कोणीही म्हणेल, चालेल.

आता अँपिअर मोजा. हॅलोजनचे २.१७. एलईडी पीएफ ०.५ चे, म्हणून तीस गुणिले ०.०७८, म्हणजे साधारण २.३५. अँप्लिफायरच्या मागच्या पाटीवर मात्र लिहिले आहे २३० व्होल्ट, १.५ अँपिअर. तीनशे वॅट हे तो स्पीकरला देतो तेवढे, विजेकडून घेतो ते १.५ अँपिअर. मायक्रोवेव्ह ओव्हनचेही असेच असते: जाहिरातीतला आकडा अन्नाला मिळणाऱ्या शक्तीचा, पाटीवरचा इनपुट त्याहून बराच मोठा. हिशेबात कायम इनपुट घ्यायचा. एकूण झाले ६.०२ अँपिअर. वेगवेगळ्या पीएफचे प्रवाह असे सरळ मिळवले की बेरीज खऱ्यापेक्षा थोडी जास्त येते, पण ही चूक सुरक्षित बाजूची आहे.

पाचाऐवजी सहा, एवढ्याने काय बिघडते? उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह वीस टक्के वाढला, तर उष्णता ४४ टक्के वाढते. सॉकेटमधली पितळी पट्टी तापते आणि तिचा ताण सैल होतो. पकड सैल झाली की स्पर्शाच्या जागी विरोध वाढतो, म्हणून ती आणखी तापते. सुरुवातीला प्लग हाताला गरम लागतो, मग छिद्राभोवती प्लॅस्टिक तपकिरी पडते, जळका वास येतो, दिवे लुकलुकतात. यातले एक जरी दिसले तरी मेन बंद करून सॉकेट बदलून घ्या.

"एमसीबी आहे ना, पडेल की!" नाही पडणार. त्या ओळीवर १६ अँपिअरचा एमसीबी असेल, तर सहा अँपिअर त्याच्या लेखी काहीच नाही. सहाचा एमसीबीदेखील मानकानुसार सुमारे ६.८ अँपिअर तासभर वाहू देतो आणि ८.७ अँपिअरवर तासाभराच्या आत पडतो. तो तार वाचवण्यासाठी असतो. सैल प्लग तापतो आहे हे त्याला कळत नाही. उलट पुष्कळ एलईडी एकाच बटणाने लावले, की त्यांच्या आतले कपॅसिटर भरताना क्षणभर फार मोठा प्रवाह ओढतात, आणि भार मर्यादेत असूनही एमसीबी पडू शकतो. अशा वेळी मोठा एमसीबी बसवू नका. माळा दोन-तीन बटणांवर वाटा आणि एकामागून एक लावा.

वरच्या मांडवात उपाय सोपा आहे. हॅलोजन तिथून काढून १५ अँपिअरच्या सॉकेटवर न्या, मागे ३.८५ अँपिअर उरतात. मात्र ते सॉकेट वेगळ्या ओळीवर आहे का, हे पाहा. एक एमसीबी बंद केल्यावर दोन्ही सॉकेट मेले, तर तार एकच आहे, आणि हॅलोजन हलवल्याने फक्त सॉकेटचा भार कमी झाला, तारेचा नाही. आणि पाचचे सॉकेट काढून त्या जागी पंधराचे बसवायची कल्पना कोणी मांडली, तर आधी भिंतीतली वायर किती चौरस मिलिमीटरची आहे ते वायरमनला उघडून बघायला सांगा.