गुरुजींची दाल मिल

[दृश्य: सकाळ. टिनाच्या शेडसमोर ताडपत्रीवर पसरलेली तूर.]

अकोला जिल्ह्यातलं गाव, फेब्रुवारी महिना. तुरीत अनवाणी पाय घासत फिरणारे हे गुरुजी दीड वर्षापूर्वीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत त्रैराशिक शिकवत होते. 58 पूर्ण झाली, निवृत्त झाले. पेन्शन चालू आहे, म्हणून कर्जाच्या वाटेला गेले नाहीत. उपदानाच्या पैशातून त्यांनी मिनी दाल मिल घेतली. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेली. गावची तूर बाजारात जाते आणि तिचीच दाळ किराणा दुकानातून परत येते, हे त्यांनी नोकरीभर पाहिलं होतं.

[दृश्य: यंत्राचा रूळ. तुरीचे दाणे जवळून.]

तूर हट्टी असते. टरफल आणि दाळ यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो, तो सैल झाल्याशिवाय टरफल सुटत नाही. म्हणून चाळलेली तूर आधी खरखरीत रुळावरून नुसती ओरखडून काढायची. मग तेलाचा हात, क्विंटलला पाव ते अर्धा किलो. ढीग रात्रभर झाकून ठेवायचा, दोन-तीन दिवस ऊन द्यायचं. त्यानंतर पाणी शिंपडून पुन्हा एक रात्र, पुन्हा ऊन. मग कुठे भरडाई.

[दृश्य: गुरुजी दाणा दातांखाली धरतात.]

"कट्ट आवाज आला पाहिजे. दबला, तर अजून ओला आहे बापा."

पहिल्या घाण्यात हेच चुकलं. ओली तूर यंत्रात गेली, टरफल निघेना. मग रूळ आणि जाळीतलं अंतर कमी केलं, तर टरफलाबरोबर दाळही घासली गेली. धारदार कडा गोल झाल्या आणि चुणीचं पोतं फुगलं. आता गुरुजी दाळ हातावर घेतात ती आधी कडा पाहायला.

[दृश्य: तराजू. डोक्यावर पोतं घेऊन आलेली बाई.]

"गुरुजी, दाळ कधी भेटन?"

"ऊन पडलं तर पुढच्या सोमवारी, माय."

तिची 50 किलो तूर. त्यातून 36 किलो दाळ निघाली. उरलं ते चुणी, टरफल आणि थोडी घट. चुणी तिच्याच गाईला जाणार. मजुरी किलोला सहा रुपये, म्हणजे तीनशे. वहीत नोंद अजूनही शाळेच्या हजेरीसारखी, लाल शाईत.

वीजबिल आणि मदतनिसाची मजुरी जाता उरतं थोडंच, तेही पावसाळ्यापर्यंतच. पेन्शन नसती तर भागलं नसतं.

[दृश्य: दुपार. पश्चिमेला ढग.]

आठ क्विंटल तूर उघड्यावर आहे. गुरुजी वही बंद करतात आणि ताडपत्रीचं एक टोक धरतात. दुसरं टोक धरायला शाळेतून सुटलेली दोन पोरं धावत येतात.