उतरवणे आणि नांदवणे

अंगात शिरलेले उतरवायचे, हाच अशा सर्व विधींचा हेतू असतो असे आपण सहसा धरून चालतो, कारण भाषेने आपल्याला शब्दच तसा दिला आहे. उत्तर सुदानमधील झार परंपरेत मात्र शिरलेल्याला कोणी बाहेर काढत नाही आणि तरीही बाई बरी झाली असे सगळे मानतात. हे कसे, एवढ्याच प्रश्नाविषयी मी आज बोलणार आहे.

तेथील लोकसमजुतीत जिन्न तीन रंगांचे आहेत. पांढरे निरुपद्रवी असतात. काळे जीवघेणे असतात आणि धार्मिक जाणकाराकडून त्यांना हाकलावेच लागते. लाल ते झार. त्यांना ‘लाल वारा’ असेही म्हणतात, आणि ‘अंगात वारे येते’ म्हणणाऱ्या मराठी कानाला हा शब्द फारसा परका वाटू नये. झार मारत नाही, पण एकदा धरले की आयुष्यभर सोडतही नाही. जेनिस बॉडी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० आणि १९८०च्या दशकांत नाईलकाठच्या एका गावात राहून अभ्यास केला, तेव्हा विवाह झालेल्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणी आपल्याला झार असल्याचे सांगत होत्या. म्हणजे ही एखाद्या विक्षिप्त बाईची गोष्ट नव्हे.

आता समजा, लग्नाला सहा वर्षे झालेली एक बाई आहे. तिचे दोन गर्भ पडले आहेत, डोके सतत दुखते, जेवण जात नाही आणि ती दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहते. घरची माणसे आधी तिला दवाखान्यात नेतात, मग ताईत बांधतात. झारचा संशय सहसा त्यानंतर येतो, आणि उपचार लागू न पडणे हाच त्याचा पहिला पुरावा मानला जातो. मग तिला शेखाकडे नेतात. शेखा म्हणजे झारची जाणती प्रमुख, जिला स्वतःलाही झार असतो.

खरे निदान ढोलावर होते. झारांच्या जमाती ठरलेल्या आहेत: दरवेशी, हबशी, तुर्क-इजिप्शियन अंमलदार, पाश्चात्त्य ‘खवाजा’ आणि आणखी काही. प्रत्येक झारची स्वतःची चाल असते, तिला ‘धागा’ म्हणतात. प्रत्येक जमातीचा धूपही वेगळा असतो. एकामागून एक धागे वाजवले जातात आणि ज्या धाग्यावर आपल्या बाईचे अंग हलू लागते, तो झार तिचा. समजा, खवाजाच्या धाग्यावर ती उठली. आता शेखा तिच्याशी नव्हे, त्या पाहुण्याशी बोलते आणि काय हवे ते विचारते. तो विलायती कपडे, सिगारेट, डब्यातले खाणे मागतो. घासाघीस होते, नवरा काही कबूल करतो, मेंढा कापला जातो. मोठा विधी सात दिवस चालू शकतो, आणि त्यात या बाईला ‘झारची नवरी’ म्हणतात. म्हणूनच मला ‘उतरवणे’पेक्षा ‘नांदवणे’ हा शब्द येथे अधिक नेमका वाटतो.

धागा संपला की झारने निघून जायला हवे आणि बाईने भानावर यायला हवे. ढोल थांबूनही ती तंद्रीतच राहिली, तर झारचे समाधान झालेले नाही असे समजून शेखा पुन्हा बोलणी करते. योग्य धाग्यावर तंद्रीत जाणे आणि वेळेवर परतणे नवशिकीला जमत नाही. ते शिकावे लागते, आणि माझ्या मते उपचाराचा मोठा भाग या शिकण्यात आहे.

मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी अशा प्रथांना वंचितांचे हत्यार म्हटले, कारण स्वतः मागता न येणारी वस्तू बाई झारच्या तोंडून मागते. हे खरे आहे, पण अपुरे आहे. केवळ लुगडे मिळवायला कोणी जन्मभराचे बंधन पत्करत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे, गर्भ पडला तो आपल्या देहाच्या उणेपणामुळे, ही टोचणी झारच्या निदानाने बाईच्या अंगावरून उतरते. दोष परक्या पाहुण्याकडे जातो, खर्च नवऱ्याकडे जातो आणि तिच्याभोवती त्याच दुखण्यातून गेलेल्या बायका जमतात. गर्भ राहीलच असे शेखाही सांगत नाही.

मर्यादाही स्पष्ट आहेत. झोपेत येणारा झटका, चावलेली जीभ, नकळत झालेली लघवी यांना ढोलाशी काही देणेघेणे नसते. ही अपस्माराची लक्षणे असू शकतात आणि सात दिवसांच्या विधीत औषधाचा वेळ वाया जाऊ शकतो. उलट, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात अंगात येण्याला विकार म्हणण्यासाठी ते अनिच्छेने आलेले, त्रासदायक आणि समाजाने स्वीकारलेल्या धार्मिक-सांस्कृतिक प्रथेबाहेरचे असावे लागते. आपली बाई पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडलेली होती, तेव्हा तिला त्रास होता, पण तिच्या अंगात काही येत नव्हते. पुढे ती ढोल वाजल्यावर उठते, थांबल्यावर बसते. खवाजाचे कपडे तिने पेटीत घडी घालून ठेवले आहेत, आणि डोके पुन्हा दुखू लागले की ती आधी ती पेटी उघडून पाहते.