पत्ता ऑस्ट्रेलियाचा, उत्तर आलं मुंबईतून

पडद्यावर एक आयपी पत्ता आहे, 1.0.0.1. हा कुठल्या देशातला, एवढंच आपल्याला शोधायचंय.

पत्त्यांच्या वाटपाची उतरंड ठरलेली आहे. सगळ्यात वर आयाना, जगभरच्या पत्त्यांचा हिशेब ठेवणारी संस्था. तिच्याकडून मोठाले गठ्ठे पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांकडे जातात. त्यातली आपली, म्हणजे आशिया-पॅसिफिकची, एपनिक. पुढे इंटरनेट कंपन्या, बँका, विद्यापीठं यांच्या नावावर पत्ते चढतात ते या संस्थांच्या दप्तरातून. हे दप्तर कुणालाही उघडता येतं. एपनिक आपल्या वाटपाची यादी रोज जाहीर करते, फाइलचं नाव delegated-apnic-latest. त्यात आपल्या पत्त्याची ओळ ही:

```
apnic|AU|ipv4|1.0.0.0|256|20110811|assigned
```

म्हणजे 1.0.0.0 पासून २५६ पत्ते, ११ ऑगस्ट २०११ रोजी दिलेले, देश AU. ऑस्ट्रेलिया. शोध संपला?

आता मुंबईतल्या एखाद्या कॉम्प्युटरवर ही आज्ञा द्या. ती त्या पत्त्याला हाक मारते आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगते:

```
ping 1.0.0.1
```

चांगली जोडणी असेल तर १० मिलिसेकंदांच्या आत उत्तर येतं. हा आकडा जरा थांबून पाहू. काचेच्या तारेतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई ते ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा दहा हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जायला ५० मिलिसेकंद, यायला ५०. वाट अगदी सरळ असली तरी १०० च्या खाली उत्तर येणं शक्यच नाही. आणि इथे तर ते १० मध्ये आलं. म्हणजे उत्तर देणारं यंत्र जास्तीत जास्त हजार किलोमीटरवर, बहुतेक मुंबईतच.

हे पत्ते नोंदलेत एपनिकच्या संशोधन विभागाच्या नावावर, आणि एपनिकचं कार्यालय ब्रिस्बेनला. त्यावर चालणारी डीएनएस सेवा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणारी, मात्र क्लाउडफ्लेअर या कंपनीची. तोच पत्ता ती जगभरच्या शहरांतून एकाच वेळी जाहीर करते आणि तुमची विचारणा सहसा जवळच्या ठिकाणी पोचते. याला एनीकास्ट म्हणतात. दप्तरात खोटं काहीच नाही. MH-12 पाटीची गाडी वर्षानुवर्षं बंगळूरात फिरू शकते, पाटी तेवढी पुण्याची. नोंदीतला देश पत्ता कुणाच्या नावावर आहे ते सांगतो, यंत्र कुठे बसलंय ते नाही.

पिंगची ही कसोटी एकाच बाजूने चालते, हेही सांगायला हवं. उत्तर लवकर आलं तर यंत्र जवळ आहे हे पक्कं. उशिरा आलं तर काहीच सिद्ध होत नाही. वाट वाकडी असेल, नाहीतर यंत्राला वेळ नसेल.

नोंदणी पुरत नाही म्हणूनच स्थान सांगणारे डेटाबेस आले. ते नोंदणीच्या जोडीला मार्गांची माहिती, वेळेची मोजमापं, कंपन्यांनी स्वतः कळवलेली ठिकाणं असं सगळं एकत्र करून अंदाज बांधतात. देशाच्या पातळीवर तो बऱ्याचदा बरोबर येतो. पण पुण्याचं सिम घेऊन तुम्ही दुबईत रोमिंगवर असाल, तर तुमचा डेटा सहसा भारतातल्या कंपनीकडे येऊन मग बाहेर पडतो. डेटाबेस म्हणतो भारत, तुम्ही उभे दुबईच्या विमानतळावर. व्हीपीएनचं तर बोलायलाच नको.

खरा घोटाळा होतो तो फक्त देशच माहीत असताना. मॅक्समाइंड या अमेरिकी कंपनीच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक पत्त्यापुढे अक्षांश-रेखांश हवेत. काही पत्त्यांबद्दल एवढंच कळलेलं, की ते अमेरिकेतले. मग २००२ मध्ये कंपनीने देशाच्या मध्याजवळचा एक गोळाबेरीज बिंदू निवडला, ३८ उत्तर, ९७ पश्चिम. तिथे, कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळ, एक शेतघर होतं. पुढे ६० कोटींहून जास्त पत्ते त्या घरावर टेकवले गेले. चोरीला गेलेले फोन, फसवणुकीचे ईमेल, हरवलेली माणसं, सगळ्याचा माग तिथे निघू लागला. पोलीस आले, तपास यंत्रणा आल्या, चिडलेले लोक आले. शेवटी तिथल्या शेरीफने रस्त्याच्या तोंडाशी पाटी लावली, की या घरापासून लांब राहा, काही विचारायचं तर मला विचारा.

२०१६ मध्ये पत्रकारांनी हा प्रकार बाहेर काढला, तेव्हा कंपनीने बिंदू हलवून विचिटाच्या पश्चिमेला एका जलाशयात नेला. निदान तिथे कुणाचं दार वाजणार नाही.

आणि मला सगळ्यात खटकते ती गोष्ट पुढची. डेटाबेसच्या नोंदीत accuracy_radius नावाचा रकाना असतो, अंदाज किती किलोमीटरने चुकू शकतो ते सांगणारा. फक्त देश माहीत असलेल्या अमेरिकी पत्त्यांपुढे तिथे 1000 लिहिलेलं दिसतं. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर डेन्व्हरपासून शिकागोपर्यंतचा मुलूख आत येतो. पण बरीचशी संकेतस्थळं हा रकाना वाचतच नाहीत. ती फक्त अक्षांश-रेखांश उचलतात आणि नकाशावर एक लाल टाचणी टोचून मोकळी होतात.