युरोपची ग्रुप टूर आणि शेंगेन व्हिसा : टूर कंपनीच्या हातात नेमके काय असते?

युरोपच्या ग्रुप टूरसाठी नाव नोंदवताना अनेकांची अशी समजूत असते की, सगळ्या ग्रुपचा मिळून एकच व्हिसा निघतो आणि तो मिळवून देणे ही कंपनीची जबाबदारी असते. शेंगेन देशांच्या, म्हणजे ज्यांच्यापैकी एकाने दिलेल्या व्हिसावर बाकीच्यांतही फिरता येते अशा युरोपीय देशांच्या बाबतीत आपल्याकडून जाणाऱ्या सहलींसाठी तसे होत नाही. अर्ज एकत्र गोळा केले जातात, हॉटेल आणि विमानाच्या आरक्षणाची कागदपत्रे सर्वांची सारखीच असतात. निर्णय मात्र प्रत्येक अर्जावर स्वतंत्रपणे होतो. त्यामुळे एकाच ग्रुपमधल्या पतीला व्हिसा मिळाला आणि पत्नीचा अर्ज नामंजूर झाला, असेही घडू शकते.

निर्णय वकिलातीतला अधिकारी घेतो. आपण ज्या व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे द्यायला जातो, त्या केंद्रालाही तो अधिकार नाही. मग टूर कंपनीला कुठून असणार? शेंगेन नियमांनुसार मान्यताप्राप्त टूर कंपनी आपला अर्ज सादर करू शकते, पण ठसे द्यायला आपल्यालाच जावे लागते. अर्जावर सही आपली असते आणि त्यातल्या मजकुराची जबाबदारीही आपलीच असते. म्हणून ‘शंभर टक्के व्हिसा गॅरंटी’ अशी जाहिरात दिसली, तर मी त्या कंपनीकडे नाव नोंदवू नका असेच सांगेन. व्हिसा मिळेलच याची, तो अमुक तारखेला हातात पडेल याची, किंवा तो अनेक वेळा प्रवेशाचा असेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही. व्हिसा मिळाल्यावरही विमानतळावरचा सीमा अधिकारी कागदपत्रे मागू शकतो आणि प्रवेश नाकारू शकतो.

आता कंपनीचे कौशल्य कुठे लागते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, सहल दहा रात्रींची आहे : पॅरिसला तीन, स्वित्झर्लंडमध्ये चार आणि इटलीत तीन. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा असा नियम असल्याने हा ग्रुप स्वित्झर्लंडकडे अर्ज करील. या ग्रुपमधल्या एका जोडप्याची भाची पॅरिसला राहते आणि सहल सुरू होण्याआधी तीन रात्री तिच्याकडे राहावे, असे त्यांनी ठरवले. त्यांच्यापुरत्या फ्रान्समधल्या रात्री आता सहा झाल्या, म्हणजे त्यांचा अर्ज फ्रान्सकडे जायला हवा. अशा वेळी ‘ग्रुपबरोबरच टाकून देऊ, कोण बघतंय’ असे म्हणणारा माणूस त्यांचे नुकसान करतो. विमानाच्या तिकिटाची तारीख आणि हॉटेलांच्या तारखा जुळत नाहीत, मधल्या रात्रींचा खुलासा कुठेच नसतो, आणि प्रवासाचा हेतू पटत नाही या कारणाखाली अर्ज नामंजूर होऊ शकतो. नकाराची ही नोंद शेंगेन देशांच्या सामाईक माहितीसाठ्यात पाच वर्षांपर्यंत राहू शकते.

तेव्हा कंपनीकडून आपण जी हमी मागावी, ती तिच्या स्वतःच्या कामाची. योग्य देशाकडे अर्ज करणे, किमान तीस हजार युरो संरक्षणाचा प्रवास विमा काढणे, बँकेच्या उताऱ्यात अर्जाआधी अचानक जमा झालेली मोठी रक्कम दिसली तर तिचा पुरावा जोडायला सांगणे, आणि अर्ज वेळेत दाखल करणे, एवढे सगळे तिच्या हातात असते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाची नेहमीची मुदत पंधरा दिवसांची असली, तरी ती पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकते. मे महिन्यातल्या सहलीची कागदपत्रे एप्रिलमध्ये गोळा करणाऱ्या कंपनीने उशिराचे खापर वकिलातीवर फोडू नये. कंपनीच्या चुकीमुळे किंवा दिरंगाईमुळे सहल हुकली, तर तो सेवेतील त्रुटीचा प्रश्न ठरतो आणि ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. सर्व कागद बरोबर असूनही अधिकाऱ्याने नकार दिला, तर त्याचा दोष कंपनीवर टाकणे न्यायाचे होणार नाही.

पैशांचा प्रश्न मात्र दोन्ही प्रसंगी उरतोच. जून २०२४ पासून प्रौढांसाठी नव्वद युरो असलेले व्हिसा शुल्क नकार आल्यावर परत मिळत नाही. विमानाची ग्रुप तिकिटे बहुधा आधीच काढलेली असतात, त्यामुळे व्हिसा नाकारला गेल्यास नेमकी किती रक्कम कापली जाईल, हे नोंदणीपत्रकात आकड्यानिशी लिहिलेले आहे का, ते सही करण्यापूर्वी पाहावे. ‘कंपनीच्या नियमांनुसार’ एवढेच लिहिले असेल, तर ते नियम छापील स्वरूपात मागून घ्यावेत. नकारपत्रात कारण नमूद केलेले असते आणि त्याविरुद्ध अपील करता येते. पण अपिलाचा निकाल सहलीच्या तारखेआधी लागेलच असे नाही, म्हणून पुष्कळ जण कारण दूर करून नव्याने अर्ज करतात. त्यासाठी पुढच्या तारखेच्या ग्रुपमध्ये जागा मिळेल का, आणि भरलेल्या पैशांपैकी किती त्या सहलीत वळते होतील, हे नाव नोंदवतानाच कंपनीकडून लिहून घ्यावे.