महिनोन्‌महिने टिकणारा खोकला: आधी गोळ्यांचं पाकीट बघा

(दृश्य: नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळत घातलेली मिरची. मागे कापसानं भरलेला ट्रॅक्टर.)

खानदेशात खोकला लांबला की पहिला आळ येतो तो मिरचीवर, जिनिंगमध्ये उडणाऱ्या रुईवर, नाहीतर मळणीच्या धुरळ्यावर. कधी तो खराही असतो. पण पथारीकडे कधी न फिरकलेल्या माणसालाही महिनोन्‌महिने ढास लागते, एक्स-रे स्वच्छ येतो, सिरपच्या बाटल्या संपतात आणि खोकला हटत नाही. अशा वेळी घरातला औषधांचा डबा उघडून बघायला हवा.

उदाहरणादाखल यावल तालुक्यातली एक गृहिणी घेऊ. वय ५२. विडी-तंबाखू नाही. पोळ्याच्या सुमारास रक्तदाबाची गोळी सुरू झाली. दिवाळीनंतर खोकला लागला, आता महाशिवरात्र आली. खोकला कोरडा आहे. घशात काहीतरी गुदगुल्या केल्यासारखं होतं आणि ढास सुरू झाली की डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबत नाही. बोलताना लागते, आडवं पडल्यावर जास्त लागते. ताप नाही, वजन घटलेलं नाही, बेडक्यात रक्त नाही. क्षयाची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही.

ही शेवटची तपासणी आधी होणं गरजेचंच होतं. खोकला आठ आठवड्यांपेक्षा जास्त टिकला की मोठ्या माणसात तो दीर्घकालीन धरतात. पण क्षयाच्या तपासणीसाठी आठ आठवडे थांबायचं नसतं. दोन आठवडे खोकला राहिला की बेडका तपासायचा, सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते.

(दृश्य: टेबलावर गोळ्यांचं पाकीट. कॅमेरा मागच्या बारीक अक्षरांवर.)

डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, “मावशी, रोजच्या गोळ्या आणल्या का?” पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं दिलेलं नाव. ते सोडून द्या. आसपासच्या बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, ते वाचा. इथं लिहिलंय रॅमिप्रिल, ५ मिलीग्रॅम. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल ही त्याच घरातली. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ आलं की कान टवकारायचे. एकाच गोळीत दोन औषधं असतील, तर दोन्ही नावं वाचायची.

ही औषधं शरीरातल्या एका एन्झाइमला अडवतात, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. पण तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थही मोडून टाकत असतं. ते अडलं की ब्रॅडिकायनिन साठतं आणि श्वासनलिकेतल्या खोकल्याच्या नसा हुळहुळ्या होतात. मग थंड हवा, फोडणीचा वास, एवढंही पुरतं. हा त्रास सगळ्यांना होत नाही. बायकांमध्ये तो जास्त दिसतो.

इथं दोन गोष्टींमुळे हमखास चकवा बसतो. खोकला गोळीच्या पहिल्या दिवसांत सुरू होऊ शकतो, तसा काही महिन्यांनीही. पोळ्याला सुरू झालेली गोळी आणि दिवाळीनंतरचा खोकला यांची सांगड मग घरात कुणी घालत नाही. दुसरं म्हणजे, डोस कमी करून किंवा एक प्रिल सोडून दुसरं प्रिल घेऊन सहसा काही साधत नाही, कारण दोष त्या सगळ्या गटाचा आहे. खोकल्याच्या सिरपनं तर मूळ कारणाला धक्काच लागत नाही.

म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची का? अजिबात नाही. हृदय कमजोर असेल किंवा मधुमेहानं किडनीवर परिणाम झाला असेल, तर हीच गोळी मोठं काम करत असते. शिवाय रक्तदाब वाढला तरी बहुतेकदा जाणवत नाही. गोळी बदलायची ती डॉक्टरांनी. बहुतेक वेळा ते टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखं ‘सार्टन’ देतात. ते त्या एन्झाइमला हात लावत नाही, म्हणून खोकला सहसा होत नाही. मात्र नवं पाकीट आलं की जुनं डब्यातून काढून टाका. दोन्ही चालू राहिली तर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं आणि किडनीलाही धोका होऊ शकतो. आणि प्रिल घेणाऱ्याचे ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला, तर तडक दवाखाना गाठायचा. ती सूज घशात उतरू शकते.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, एका तारखेभोवती गोल.)

गोळी बदलली ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायची. पुढच्या आठवड्यात फरक नाही म्हणून निराश व्हायचं कारण नाही. खोकला जायला साधारण एक ते चार आठवडे लागतात, काहींना तीन महिनेही. या काळात दुसरं काही नवं सुरू केलं, तर गुण कशानं आला ते कळत नाही.

आपल्या उदाहरणात गुढीपाडव्यापर्यंत दिवसाची ढास गेली. पण पहाटे तीन-चारला जाग आणणारा खोकला राहिला, आणि शेजारी तिखट कुटलं की छाती आवळल्यासारखी होते. एकाच माणसात दोन कारणं असणं अगदी नेहमीचं आहे. पहाटेचा खोकला दम्याकडे बोट दाखवतो. काही दमेकऱ्यांना धाप लागत नाही, शिट्टी वाजत नाही, नुसता खोकला येतो. दुपारी दवाखान्यात फुंकून केलेली तपासणीही ठीक येऊ शकते. म्हणून श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं पीक फ्लो मीटर घरी नेऊन दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ तीन-तीन वेळा जोरात फुंकायचं आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा. इथं सकाळी २४०, संध्याकाळी ३२० असे आकडे येतात. सरासरी २८० धरली तर फरक जवळजवळ २९ टक्के. रोजचा फरक सरासरी १० टक्क्यांच्या वर राहिला की दम्याचा संशय पक्का होत जातो.

मग पंप सुरू होतो. कॅप्सूलचा पंप असेल तर कॅप्सूल पंपात घालायची, गिळायची नाही. ही चूक खरोखर होते. आधी श्वास बाहेर सोडायचा, पण पंपात नाही. मग जोरात आणि खोल ओढायचा, दहा सेकंद धरायचा, शेवटी गुळणी करून पाणी थुंकून टाकायचं. आखाजीपर्यंत झोप लागू लागते आणि तिथंच बरेच जण पंप ठेवून देतात. श्वासनलिकेची सूज आतून उतरायला आणखी आठवडे जातात. पंपाची सवय लागते हा समज चुकीचा आहे.

पाकिटावर प्रिल नसेल आणि पहाटेचा खोकलाही नसेल, तर नाक आणि पोट बघायचं. सतत घसा खाकरावा लागतो, नाकातलं मागे घशात उतरल्यासारखं वाटतं, सकाळी शिंका येतात, हे नाकाचं लक्षण. नाकाचा स्टेरॉइड स्प्रे मारताना मान थोडी पुढे झुकवायची आणि टोक मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या डोळ्याच्या दिशेनं धरायचं. पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात.

रात्री उशिरा झणझणीत शेवभाजी खाऊन लगेच आडवं होणाऱ्याला आंबट ढेकर, छातीत जळजळ आणि सोबत खोकला असेल, तर जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवायचं. पलंगाचे डोक्याकडचे पाय विटा लावून सहा ते आठ इंच उचलायचे. जादा उशा घेऊन पोट दुमडतं, म्हणून त्या नकोत. जळजळ मुळीच नसेल, तर नुसत्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनी खोकला जाईल ही आशा थोडीच.

(दृश्य: कापडी पिशवीतून टेबलावर ओतलेली औषधं.)

दवाखान्यात जाताना सगळी औषधं पिशवीत घालून न्या, डोळ्यांचे थेंबसुद्धा. काचबिंदूसाठी दिलेल्या थेंबांत टिमोलॉल असेल तर ते डोळ्यातून रक्तात उतरतं आणि दमा असलेल्याची श्वासनलिका आवळू शकतं. डोळ्याच्या औषधाचा खोकल्याशी काय संबंध, असं वाटून हीच बाटली घरी राहते.